उंदराच्या प्लीहेपासून ट्रास्टुझुमॅबपर्यंत: हायब्रिडोमा कसा घडवतात आणि प्रतिपिंडाचे मानवीकरण कसे करतात

उंदराला एखादे परके प्रथिन टोचले की त्याचे शरीर त्या प्रथिनाविरुद्ध शेकडो तऱ्हांची प्रतिपिंडे बनवते. मात्र एक बी-पेशी आयुष्यभर एकाच तऱ्हेचे प्रतिपिंड बनवते. ती पेशी वेगळी काढून वाढवता आली तर हवे ते प्रतिपिंड हवे तितके मिळेल, पण बाहेर काढलेली बी-पेशी प्रयोगशाळेत काही दिवसांतच मरते. जॉर्ज क्योलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजला यावर तोड काढली. त्यांनी बी-पेशी मायलोमा या कर्कपेशीशी जोडली. एकीकडून प्रतिपिंडाचे जनुक आले आणि दुसरीकडून न थकता वाढत राहण्याचा गुण आला. ही जोडपेशी म्हणजे हायब्रिडोमा.

हायब्रिडोमापासून औषधापर्यंतची वाट नीट कळायची तर एकच उदाहरण धरून चालावे. इथे ४डी५ हे उंदराचे प्रतिपिंड घेऊ. ते स्तनाच्या काही कर्करोगांत पेशींवर भरमसाट वाढणाऱ्या हर-२ या प्रथिनाला चिकटते, आणि त्याचेच मानवी रूप म्हणजे १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ट्रास्टुझुमॅब.

उंदीर तयार करणे

भारतात पहिले काम कागदाचे असते. संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय उंदराला सुई लावायची नाही. मग सहा ते आठ आठवड्यांच्या चार-पाच बाल्ब/सी माद्या घ्याव्यात. ही जात घेण्याचे कारण असे की नेहमीच्या मायलोमा पेशी याच जातीतून आल्या आहेत.

पहिल्या मात्रेत प्रत्येकी २५ ते ५० मायक्रोग्रॅम शुद्ध प्रथिन असते. ते फ्रॉइंडच्या पूर्ण अ‍ॅज्युव्हंटमध्ये, म्हणजे प्रतिसाद वाढवणाऱ्या तेलकट पूरकात, समप्रमाणात घोटायचे. घोटणे पुरेसे झाले की नाही हे पाहायला एक थेंब थंड पाण्यावर सोडा. तो गोळीसारखा तसाच राहिला तर मिश्रण जमले. पसरला तर अजून घोटा, कारण फुटलेल्या मिश्रणातले प्रथिन लगेच शरीरात विरून जाते आणि प्रतिसाद कमकुवत येतो. पूर्ण अ‍ॅज्युव्हंट एकदाच वापरायचा. त्यापुढच्या मात्रा दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने अपूर्ण अ‍ॅज्युव्हंटमध्ये द्यायच्या. दोन-तीन मात्रांनंतर शेपटीतून थोडे रक्त घेऊन एलायझा, म्हणजे प्रतिपिंड रंगाने दाखवणारी प्लेटवरची चाचणी, करा आणि ज्या मादीचा सीरम सर्वांत जास्त पातळ करूनही रंग देतो ती निवडा.

४डी५ साठी उंदरांना हर-२ असलेल्या एनआयएच ३टी३ पेशीच टोचल्या होत्या. या निवडीत एक हुशारी होती. ३टी३ या मुळात उंदराच्याच पेशी, त्यामुळे त्यांवरची बहुतेक प्रथिने उंदराला परकी वाटत नाहीत. परके उरते ते मानवी हर-२, तेही पेशीवरच्या आपल्या खऱ्या घडीत. शुद्ध प्रथिन टोचताना ती घडी मोडलेली असेल, तर मिळालेली प्रतिपिंडे प्लेटवर छान रंग देतात आणि जिवंत पेशीला मात्र ढुंकून बघत नाहीत.

फ्यूजनच्या, म्हणजे पेशी जोडण्याच्या, तीन-चार दिवस आधी अ‍ॅज्युव्हंटशिवाय, साध्या सलाइनमध्ये शेवटची मात्रा द्यायची. हा दिवस चुकवू नये. नुकत्याच चाळवलेल्या आणि विभागत असलेल्या बी-पेशी तेव्हा प्लीहेत गोळा झालेल्या असतात, आणि मायलोमाशी नीट जुळतात त्या याच. आठवडाभर उशीर झाला तर सीरम उत्तम असूनही हायब्रिडोमा मोजकेच मिळतात.

मायलोमा आणि हॅट माध्यमाची मेख

मायलोमा म्हणून बहुतेक ठिकाणी एसपी२/० वापरतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीभांडारासारख्या ठिकाणाहून खात्रीची नळी घ्यावी. शेजारच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या पेशी या कामात हमखास घात करतात. कारण पुढे येतेच.

या मायलोमात एचजीपीआरटी नावाचे विकर नसते. पेशीला डीएनएचे घटक मिळवायचे दोन मार्ग असतात. एक, सगळे मुळापासून बनवणे. दुसरा, तयार हायपोझँथिन आणि थायमिडिन उचलून वापरणे. जोडपेशी निवडण्यासाठी वापरतात त्या हॅट माध्यमातले अ‍ॅमिनोप्टेरिन पहिला मार्ग बंद करते. हायपोझँथिन वापरायला एचजीपीआरटी लागते, ते मायलोमाकडे नाही, म्हणून न जुळलेली मायलोमा मरते. न जुळलेली बी-पेशी तशीही टिकत नाही. जगते ती फक्त जोडपेशी, कारण विकर तिला बी-पेशीकडून मिळते आणि अमरत्व मायलोमाकडून. माध्यमातली नेहमीची प्रमाणे अशी: हायपोझँथिन १०० मायक्रोमोलर, अ‍ॅमिनोप्टेरिन ०.४ मायक्रोमोलर, थायमिडिन १६ मायक्रोमोलर.

या व्यवस्थेला दोन ठिकाणी तडा जाऊ शकतो. काही मायलोमा पेशींत एचजीपीआरटी परत आलेले असू शकते. तसे झाले की त्या हॅटमध्ये मजेत वाढतात आणि सगळी प्लेट भरून टाकतात. म्हणून फ्यूजनपूर्वी आठवडाभर पेशी ८-अझाग्वानिन असलेल्या माध्यमात वाढवाव्यात. एचजीपीआरटी असलेल्या पेशीसाठी ते विष ठरते. शिवाय प्रत्येक फ्यूजनच्या वेळी नुसती मायलोमा हॅटमध्ये घातलेली प्लेटची काही वेल, म्हणजे खळगे, ठेवावीत. त्यांत दहाव्या दिवशी एकही वसाहत दिसता कामा नये.

दुसरा तडा मायकोप्लाझ्माचा. हा सूक्ष्मजीव सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही आणि माध्यम गढूळही करत नाही. तो थायमिडिन मात्र फस्त करतो. मग जुळलेल्या पेशीही उपासमारीने मरतात आणि आपण पेशी जोडणाऱ्या पीईजी या रसायनाला दोष देत बसतो. फ्यूजननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी छान छोट्या वसाहती दिसल्या आणि आठव्या दिवशी सगळ्या गळाल्या, तर आधी मायकोप्लाझ्माची पीसीआर तपासणी करा.

फ्यूजनचा दिवस

मायलोमा त्या सकाळी भरभर वाढीच्या टप्प्यात हवी आणि ९५ टक्क्यांहून जास्त पेशी जिवंत हव्यात. बाटली दाट होऊन पिवळी पडली असेल तर त्या दिवशी फ्यूजन करू नका.

प्लीहा काढून जाळीतून चाळली की साधारण १० कोटी पेशी मिळतात. पाच प्लीहापेशींमागे एक मायलोमा, म्हणजे दोन कोटी मायलोमा घ्या. दोन्ही एकत्र करून सीरमरहित माध्यमाने दोनदा धुवा, मग सेंट्रिफ्यूज करून वरचे सगळे द्रव काढून टाका. थेंब-दोन थेंब द्रव उरले तरी पीईजी पातळ होते आणि जोडणी घसरते. नळीवर टिचकी मारून पेशींचा थर मोकळा करा.

आता ३७ अंशांवर गरम ठेवलेले ५० टक्के पीईजी १५०० घ्या. १ मिलिलिटर पीईजी एका मिनिटात, थेंबाथेंबाने, नळी हलक्या हाताने फिरवत घालायचे. आणखी एक मिनिट तसेच फिरवा. पेशींचे बारीक कण झालेले डोळ्यांना दिसतात. ते दिसायलाच हवेत. पीईजी दोन पेशींची आवरणे एकमेकांना इतकी जवळ आणते की ती एक होतात. तेच जास्त वेळ राहिले तर आवरण फाडते. म्हणून ते पातळ करायचे, पण हळूहळू: पहिल्या मिनिटात १ मिलिलिटर गरम माध्यम, दुसऱ्या मिनिटात आणखी १, मग पुढच्या दोन-तीन मिनिटांत ८. घाईने ओतलेल्या माध्यमाने नुकत्याच जुळू लागलेल्या पेशी फुटतात. नवख्या हातांचे फ्यूजन बहुधा इथेच वाया जाते.

पेशी हलकेच सेंट्रिफ्यूज करा आणि २० टक्के सीरम असलेल्या हॅट माध्यमात उचला. पिपेट जोरात मारू नका. ९६ वेलच्या दहा प्लेटांत वाटून टाका, म्हणजे वेलमागे सुमारे एक लाख प्लीहापेशी पडतात. सुरुवातीला मेलेल्या पेशींचा खच दिसतो. त्याने घाबरू नये. पाचव्या दिवसाच्या आसपास निम्मे माध्यम बदला. सात ते दहा दिवसांत तळाशी चकचकीत गोल पेशींचे पुंजके दिसू लागतात. दोन आठवड्यांनी हॅट थांबवले तरी लगेच साध्या माध्यमावर यायचे नाही. पेशीत शिल्लक राहिलेले अ‍ॅमिनोप्टेरिन अजून काम करत असते, म्हणून आणखी एक-दोन आठवडे अ‍ॅमिनोप्टेरिनशिवायचे एचटी माध्यम द्यावे.

चाचणी आधी तयार हवी

वसाहत वेलचा चौथा भाग व्यापते तेव्हा चाचणी करायची असते, आणि मग हातात दोन-तीन दिवसच असतात. फ्यूजन झाल्यावर एलायझा बसवायला घेतली तर ती जुळेपर्यंत पेशी दाट होऊन मरतात. म्हणून निवडलेल्या उंदराच्या सीरमवर चाचणी आधीच पक्की करून ठेवा.

प्लेटला प्रथिन लावून रंग आला म्हणजे काम झाले असे नाही. प्रथिनाला शुद्धीकरणासाठी हिस्टिडिनची शेपटी जोडली असेल तर निम्मे विजेते त्या शेपटीलाच चिकटणारे निघू शकतात. त्यासाठी तीच शेपटी असलेले दुसरे, असंबद्ध प्रथिन लावलेली प्लेट जोडीला ठेवा आणि दोन्हीकडे रंग देणारी वेल सोडून द्या. रंग देणारे दुय्यम प्रतिपिंड आयजीजी या जातीच्या प्रतिपिंडाच्या एफसी भागालाच, म्हणजे बुंध्यालाच, चिकटणारे घ्या, नाहीतर सगळीकडे थोडे थोडे चिकटणारे आयजीएम जातीचे प्रतिपिंड गोंधळ घालते. शेवटची खात्री जिवंत पेशींवर करावी. हर-२ साठी ते सोपे आहे: एसके-बीआर-३ या स्तनकर्कपेशींवर हर-२ खच्चून असते, त्यामुळे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीत त्यांच्यावर ठसठशीत आणि हर-२ कमी असलेल्या पेशींवर फिका संकेत मिळायला हवा.

एकाच पेशीची पैदास

चांगल्या वेलमध्ये दोन-तीन वेगवेगळे हायब्रिडोमा मिसळलेले असू शकतात. त्यातच जोडपेशीत दोन पेशींची गुणसूत्रे कोंबलेली असतात आणि ती हळूहळू गळतात. प्रतिपिंडाचे जनुक गळालेली पेशी ते बनवण्याच्या कष्टातून सुटते, वेगाने वाढते आणि महिनाभरात सगळी बाटली तिचीच होते. चांगला हायब्रिडोमा अचानक प्रतिपिंड देणे बंद करतो त्यामागे बहुधा हेच असते. यावर उपाय दोन: लगेच काही नळ्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवणे, आणि लगेच क्लोनिंग.

क्लोनिंग मर्यादित विरलनाने करतात. वेलमागे सरासरी ०.३ पेशी पडावी असा हिशोब ठेवायचा. समजा मोजणीत मिलिलिटरमागे ४ लाख पेशी आल्या. शंभरपट पातळ केल्यावर ४,०००, पुन्हा शंभरपट केल्यावर ४०. यातले ०.७५ मिलिलिटर १९.२५ मिलिलिटर माध्यमात घातले की २० मिलिलिटरमध्ये ३० पेशी झाल्या. वेलमागे २०० मायक्रोलिटर टाकले की सरासरी ०.३ पेशी पडते.

इतक्या विरळ पेरणीत सुमारे ७४ टक्के वेल रिकामी राहतात, २२ टक्क्यांत नेमकी एक पेशी पडते आणि जेमतेम ४ टक्क्यांत एकाहून जास्त. म्हणजे वाढलेल्या दर सात वेलपैकी सहा खरोखर एका पेशीची. मोह आवरला नाही आणि वेलमागे १ पेशी टाकली तर वाढ ६३ टक्के वेलमध्ये दिसते, पण त्यातली जेमतेम ५८ टक्केच एका पेशीची असतात. क्लोनिंग दोनदा करावे. दुसऱ्या वेळी वाढलेली प्रत्येक वेल चाचणीत उतरली तर क्लोन स्थिर आहे असे धरायला हरकत नाही. एकटी पडलेली पेशी सहज दम टाकते, म्हणून माध्यमात इंटरल्युकिन-६ असलेले पूरक घालतात.

उंदराचे प्रतिपिंड माणसाला का चालत नाही

१९८६ मध्ये मान्यता मिळालेले म्युरोमोनॅब हे पहिले मोनोक्लोनल औषध संपूर्ण उंदराचे होते. बदललेले मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून ते देत. आठवड्या-दोन आठवड्यांत बऱ्याच रुग्णांच्या शरीरात या उंदरी प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडे तयार होत. मग औषध रक्तातून झपाट्याने साफ होई, आणि पुन्हा दिले तर अ‍ॅलर्जीची भीती असे. याला हामा प्रतिसाद म्हणतात. ४डी५ ची आणखी एक अडचण होती. उंदरी प्रतिपिंडाचा बुंधा, म्हणजे एफसी भाग, माणसाच्या मारक पेशींना नीट बोलावू शकत नाही.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवली पाहिजे. म्युरोमोनॅबच्या पहिल्याच मात्रेनंतर येणारी थंडी, ताप आणि रक्तदाबाची घसरण हामामुळे येत नव्हती. ते औषध टी-पेशींवरच्या सीडी३ या प्रथिनाला धरून त्यांना एकदम चेतवत असे. अशी प्रतिक्रिया लक्ष्यातून येते, प्रतिपिंड कोणत्या प्राण्याचे आहे यातून नाही. २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ च्या चाचणीत सहा निरोगी स्वयंसेवक अत्यवस्थ झाले, आणि ते प्रतिपिंड मानवीकृतच होते. मानवीकरणाने परकेपणा कमी होतो, एवढेच त्याच्याकडून मागावे.

मानवीकरण: सात जागांची गोष्ट

प्रतिपिंड जड आणि हलक्या साखळ्यांचे बनते, आणि त्यांच्या टोकाचे बदलते भाग लक्ष्याला धरतात. आधी हायब्रिडोमातून आरएनए काढून या बदलत्या भागांचा क्रम वाचतात. इथे एक जुना सापळा आहे. एसपी२/० च्या पूर्वज मायलोमाची एक निकामी हलकी साखळी अजून आरएनए बनवते आणि पीसीआरमध्ये बऱ्याचदा तीच आधी वर येते. तिच्यात जनुक वाचण्याची चौकट सरकलेली असते आणि मध्येच थांबण्याचा संकेत येतो. वाचलेला क्रम प्रथिनात उतरवून पाहिला की ती लगेच ओळखता येते.

मग पहिला मुक्काम कायमेरा: उंदराचे बदलते भाग जसेच्या तसे, बाकी सगळे मानवी. रिटुक्सिमॅब असेच आहे. कायमेरा औषध म्हणून नको असला तरी बनवाच, कारण पुढच्या प्रत्येक रूपाची पकड त्याच्याशी ताडून पाहायची असते. कायमेराचीच पकड ढिली निघाली तर क्रम वाचण्यात चूक झाली आहे.

पुढची पायरी १९८६ मध्ये ग्रेग विंटर यांच्या गटाने दाखवली. बदलत्या भागातही प्रतिजनाला, म्हणजे लक्ष्य असलेल्या प्रथिनाला, प्रत्यक्ष भिडतात ते मुख्यतः सहा फासे, म्हणजे सीडीआर. तीन जड साखळीत, तीन हलक्या साखळीत. बाकीची चौकट त्यांना फक्त धरून ठेवते. तेव्हा सीडीआर उंदराचे ठेवायचे आणि चौकट माणसाची घ्यायची.

कागदावर हे सोपे दिसते. १९९२ मध्ये पॉल कार्टर आणि जेनेन्टेकमधील सहकाऱ्यांनी ४डी५ वर ते केले, तेव्हा पहिल्या रूपाचा वियोजन स्थिरांक २५ नॅनोमोलर आला. उंदराच्या मूळ प्रतिपिंडाचा ०.३ होता. हा आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट, म्हणजे पकड ऐंशीपटींहून जास्त ढिली झाली. त्याहून वाईट म्हणजे हे रूप चिकटत असूनही एसके-बीआर-३ पेशींची वाढ रोखत नव्हते.

कारण चौकटीत होते. जड साखळीच्या ७१ व्या जागी निवडलेल्या मानवी चौकटीत आर्जिनिन हे लांब, भारित अमिनो आम्ल असते, तर उंदरात अ‍ॅलानिन, अगदी छोटा. ही जागा प्रतिजनाला शिवतही नाही. ती फाशांच्या खाली असते आणि दुसरा फासा कसा वाकेल हे तीच ठरवते. छोट्या दगडावर बसवलेल्या चिऱ्याखाली मोठा धोंडा सारला की वरचा चिरा कलणारच. तिथे परत अ‍ॅलानिन ठेवताच स्थिरांक ४.७ वर आला. ७३, ७८ आणि ९३ या जागाही उंदराच्या केल्या, पण आकडा ४.४ च्या पुढे हलला नाही. हलक्या साखळीच्या ६६ व्या जागी ग्लायसिनऐवजी उंदराचे आर्जिनिन आले आणि तो १.१ झाला. मग सीडीआरच्या काठावरच्या दोन जागा राहिल्या होत्या, जिथे पहिल्या रूपात मानवी अमिनो आम्ले घेतली होती. हलक्या साखळीच्या ५५ व्या जागी टायरोसिन परत दिल्यावर ०.२२, आणि जड साखळीच्या १०२ व्या जागीही टायरोसिन दिल्यावर ०.१.

सात जागांनी पकड २५० पटींनी परत आली, उंदराच्या मूळ प्रतिपिंडाहून तिप्पट घट्ट. वाढ रोखण्याची ताकदही मूळच्या तोडीची झाली, आणि मानवी एफसीमुळे मारक पेशींकरवी कर्कपेशी मारण्यात हे शेवटचे रूप कितीतरी सरस ठरले. हेच ट्रास्टुझुमॅब.

यातून कामाची पद्धत कळते. आधी प्रतिपिंडाची त्रिमितीय प्रतिकृती बांधून फाशांच्या खाली आणि दोन साखळ्यांच्या सांध्यात बसणाऱ्या, उंदरात आणि माणसात वेगळ्या असणाऱ्या जागांची यादी करा. ती बहुधा दहा-पंधरा जागांची होते. सगळ्या एकदम उंदराच्या केल्या तर पकड मिळते, पण परकेपणा पुन्हा शिरतो. म्हणून सहा-आठ रूपे बनवा, प्रत्येकात एक-दोन बदल, आणि पकड मोजत जा. ज्या बदलाने आकडा हलत नाही त्याला ठेवण्यासाठी दुसरे ठोस कारण हवे. शेवटच्या रूपाची चाचणी पेशींवर झालीच पाहिजे, कारण नुसत्या पकडीच्या आकड्यावरून पहिले रूप निष्प्रभ आहे हे कळले नसते.

उत्पादनपेशीकडेही बघा

प्रथिनाचा क्रम कितीही मानवी असला तरी त्यावर चढणारी साखर उत्पादनपेशी ठरवते. सेटुक्सिमॅब एसपी२/० पेशींत बनते आणि त्यावर अल्फा-गॅल नावाची, माणसात नसलेली साखर असते. अमेरिकेच्या आग्नेय भागात गोचिडीच्या चाव्यामुळे अनेकांच्या रक्तात या साखरेविरुद्धची, अ‍ॅलर्जी घडवणारी आयजीई प्रतिपिंडे आधीच होती. अशा रुग्णांना पहिल्याच मात्रेला तीव्र अ‍ॅलर्जीचा झटका आला. ट्रास्टुझुमॅब चिनी हॅमस्टरच्या सीएचओ पेशींत बनवतात. बदलत्या भागात साखर चढण्याची जागा तयार होते आहे का हे मानवीकरण करतानाच तपासावे. अ‍ॅस्पॅरॅजिन, मग प्रोलिन सोडून कोणतेही अमिनो आम्ल, मग सेरिन किंवा थ्रिओनिन असा क्रम दिसला की सावध व्हावे.

मानवीकरण टाळण्याचीही एक वाट आहे. ज्या उंदरांत प्रतिपिंडांची मानवी जनुके बसवली आहेत त्यांच्यापासून हायब्रिडोमा केला की प्रतिपिंड मुळातच मानवी निघते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मॅसबायोलॉजिक्स या संस्थेच्या जोडीने आणलेले रेबीजवरचे प्रतिपिंड याच वाटेने आले.

ट्रास्टुझुमॅबच्या चाचण्यांत ९०३ रुग्णांपैकी एकीतच औषधाविरुद्धची प्रतिपिंडे एलायझात सापडली. असा आकडा वाचताना नमुना कधी घेतला होता ते पाहावे. रक्तात औषध भरपूर असताना त्याविरुद्धची प्रतिपिंडे त्यालाच बांधलेली असतात आणि साध्या एलायझात दिसत नाहीत. म्हणून आता नमुना आधी आम्लात ठेवून ही जोडी सोडवतात, मग मोजतात. दोन औषधांचे आकडे वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले असतील तर त्यांची तुलना करू नये.